सही खरी, माल खोटा

२९ मार्च २०२४. गुड फ्रायडे. आपल्या डेबियन यंत्रणेत एसएसएचने लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, या भुंग्याच्या मागे लागलेले अभियंते आंद्रेस फ्रॉइंड xz या लायब्ररीपर्यंत पोहोचले आणि त्यांनी जगाला सावध केलं. फायली दाबून लहान करणाऱ्या या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता.

मग सुट्टी सोडून कंपन्याकंपन्यांत एकच शोधाशोध: हे आपल्याकडे कुठे आहे का? हल्ली सॉफ्टवेअर कंटेनर इमेजमध्ये, म्हणजे लागणाऱ्या सगळ्या लायब्रऱ्यांसकट बांधून पाठवतात. अशा शेकडो इमेज उघडून कोण बघणार? ज्यांनी इमेज तयार होतानाच तिच्यातल्या घटकांची यादी, म्हणजे एसबॉम, काढून ठेवली होती, त्यांना ती नुसती चाळायची होती. यादी काढायला एक ओळ पुरते:

```
syft debian:sid -o cyclonedx-json > sbom.json
```

पण यादी वाचायलाही जाणकार लागतो. डेबियनने घाईघाईने जुनी आवृत्ती परत आणली तेव्हा तिला क्रमांक दिला `5.6.1+really5.4.5-1`. नुसतं ‘५.६.१’ शोधणाऱ्याला इथे निरोगी इमेजही आजारी दिसणार! उलट, कुणी एखादी फाइल हातानेच इमेजमध्ये टाकली असेल, तर पॅकेजांच्या नोंदी वाचणाऱ्या साधनाला तिचा पत्ताच लागत नाही.

आता सहीकडे वळू. `cosign` हे साधन इमेजच्या आशयावरून निघणाऱ्या sha256 ठशावर सही करतं. ‘latest’सारखी चिठ्ठी उद्या दुसऱ्याच इमेजवर चिकटवता येते, ठसा मात्र एक बाइट बदलला तरी बदलतो. म्हणून वाटेत कुणी इमेज बदलली, तर तपासणीत ते उघड होतं. मात्र तपासताना सही कुणाची हवी, हेही नेमून द्यावं लागतं. नाहीतर कोणाचीही सही चालून जाते.

आणि तरीही xz प्रकरणात सहीने काही वाचलं नसतं. दोनेक वर्षं निमूट काम करून प्रकल्पाचा विश्वास कमावलेल्या ‘जिया टॅन’नेच त्या आवृत्त्यांवर स्वतःच्या किल्लीने सही केली होती. सही अस्सल, माल विषारी. चोरदरवाजा चालू करणारी एक फाइल तर फक्त वाटपाच्या गठ्ठ्यात होती, सर्वांना दिसणाऱ्या गिट भांडारात नव्हतीच.

म्हणजे सही माल कुणाचा ते सांगते, चांगला की वाईट ते सांगत नाही. यादी आत काय आहे ते सांगते, पण धोका कळल्यानंतरच कामाला येते. माझ्या मते दोन्ही हवंच, आणि यादीवरही सही हवी. तुमच्या कंपनीत सही होत असेल, तर एवढंच विचारा: इमेज चालू होण्याआधी ती सही तपासतं कोण? उत्तर ‘कुणीच नाही’ असेल, तर ती सही निव्वळ शोभेची.