पगार बंद झाला, पण पैसे गेले कुठे?

हयातीचा दाखला दिलाय, यादीत नावही आहे आणि तरी पगार येत नाही, असंही होतं. (संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळच्या अनुदानाला गावात कुणी अनुदान म्हणत नाही, पगारच म्हणतात.) अशा वेळी लोक तडक तहसील गाठतात. माझ्या मते आधी बँक गाठावी.

समजा, एका आजींचा महिन्याचा १५०० रुपये पगार जिल्हा बँकेत येत होता. मध्यंतरी गावात आलेल्या एजंटाने आधार कार्ड घेऊन, अंगठा लावून त्यांचं दुसऱ्या बँकेत खातं काढलं. पुढचे तीन महिने जुन्या पासबुकात नोंद नाही. खरं तर ४५०० रुपये त्या नव्या खात्यात पडून होते. आधारमार्फत येणारे पैसे खाते क्रमांक बघून जात नाहीत. एनपीसीआयच्या नोंदीत एका आधार क्रमांकापुढे एकच बँक असते आणि शेवटी जी बँक जोडली, तिथेच पैसे जातात.

ती बँक कोणती, हे myaadhaar.uidai.gov.in वर Bank Seeding Status मध्ये दिसतं. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, म्हणून तो फोन जवळ हवा. तिथे वेगळीच बँक दिसली तर आधी त्या खात्यातली शिल्लक पाहावी. Inactive दिसलं तर हव्या त्या बँकेत जाऊन आधार सीडिंगचा संमती अर्ज भरावा. ‘आधार लिंक आहे की,’ असं काउंटरवर सांगतील, पण केवायसीसाठी दिलेलं आधार वेगळं आणि अनुदानासाठीचं सीडिंग वेगळं. अर्ज दिल्यावर काही दिवसांनी तेच पान पुन्हा उघडून बघावं. तिथे बँकेचं नाव बदललेलं आणि Active दिसेपर्यंत काम झालं असं धरू नये.

सीडिंग ठीक असूनही पैसे नसतील, तर नावाकडे वळावं. यादीत ‘सखुबाई’, आधारवर ‘सकूबाई’ एवढ्या फरकानेही आधार पडताळणी अडकू शकते. इथे घाईने आधार बदलायला जाऊ नये, कारण आधारवरचं नाव साधारणपणे दोनदाच बदलता येतं. आधार आणि पासबुक जुळत असेल तर चूक यादीतली. तहसीलच्या संजय गांधी शाखेत दोन्हींच्या झेरॉक्स जोडून दुरुस्तीचा अर्ज द्यावा. आधारवरचंच नाव चुकलं असेल, तरच पुरावा घेऊन आधार केंद्रात जावं.

राहिले थकलेले हप्ते. दुरुस्ती झाली की ते आपोआप येतील, या भरवशावर बसू नका. कोणकोणत्या महिन्यांचे पैसे आले नाहीत ते तहसीलला द्यायच्या अर्जात एकेक लिहा, पासबुकाच्या त्या पानांची झेरॉक्स जोडा आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. पोच मागितली की ‘कशाला, करतो की’ असं ऐकावं लागेल. तरी घ्याच, पुढच्या खेपेला टेबलावरचा माणूस बदललेला असू शकतो.