हॉलचं भाडं 45,000, मग बिल 90,000 कसं?

गेल्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं: घरातलं कार्य ठरलंय, हॉल बघतोय, रेट कार्ड कसं वाचायचं? तर आज फक्त तेच. आणि खरं उदाहरण घेऊन, कारण गेल्या महिन्यात माझ्या मावसबहिणीच्या साखरपुड्यासाठी मी नाशिकमध्ये गंगापूर रोडचे हॉल पालथे घातलेत. हॉलचं नाव सांगत नाही, आकडे गोल केलेत, पण हिशेब तोच आहे.

आमचं बजेट हॉलसाठी लाखाच्या आत. बहीण म्हणाली, "दादा, शनिवारच घेऊ ना, सगळ्यांना सोयीचं." अडीचशे माणसांचा एसी हॉल, वेळ दुपारी 4 ते रात्री 10. कार्डवर शनिवार-रविवारचं भाडं 70,000 आणि इतर वारी 45,000. स्वच्छता 5,000. डेकोरेटर बाहेरचा आणला तर 10,000 रॉयल्टी. या सगळ्यावर 18 टक्के जीएसटी. म्हणजे शनिवारी 85,000 अधिक 15,300, एकूण 1,00,300. बुधवारी 60,000 अधिक 10,800, एकूण 70,800. फरक साडेएकोणतीस हजारांचा. घरात लगेच बुधवार पक्का झाला.

पण थांबा. आधी एक गोष्ट, जी कार्डवर बारीक अक्षरात असते. आपल्याकडे हॉलवाल्यांचा 'वीकेंड' म्हणजे नुसता शनिवार-रविवार नसतो. मॅनेजर काकांच्या टेबलावर कॅलेंडर नव्हतं, पंचांग होतं, आणि त्यात लग्नाच्या तिथींना लाल गोल. गोल असलेला बुधवार हा त्यांच्या लेखी रविवारच, भाडंही रविवारचंच. उलट चातुर्मासात रविवारसुद्धा रिकामा जातो आणि तेव्हा भावावर बोलता येतं. अधिक महिन्याचंही तेच. 2026 मध्ये 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे. ऐन मे महिन्यात, पण त्या काळात बहुतेक घरांत लग्न धरत नाहीत. वाढदिवस, गेट-टुगेदर, ऑफिसची पार्टी असलं काही असेल तर तारीख ठरवण्याआधी पंचांग उघडा. आमचा बुधवार बिनागोलाचा निघाला.

आता खरा मुद्दा, ओव्हरटाइम. कार्डवर होतं: "जादा वेळ 8,000 रु. प्रति तास, 15 मिनिटे सवलत." साधं वाटतं ना? पण मला सवय आहे, असं वाक्य दिसलं की ते कोडमध्ये कसं लिहीन हे डोक्यात चालू होतं. समजा आपण 75 मिनिटं उशिरा हॉल सोडला. मग हे दोन हिशेब बघा:

```
=ROUNDUP(75/60,0)*8000
=ROUNDUP((75-15)/60,0)*8000
```

पहिल्याचं उत्तर 16,000, दुसऱ्याचं 8,000. पहिल्यात पंधरा मिनिटांची सवलत ही नुसती रेघ आहे. ती ओलांडली की सगळा वेळ मोजायचा आणि पुढचा तास पूर्ण धरायचा. दुसऱ्यात ती पंधरा मिनिटं खरोखर वजा होतात. वाक्य एकच, रक्कम दुप्पट. मी विचारलं तर काका म्हणाले, "पंधरा मिनिटं झाली की तास लागला." म्हणजे पहिला हिशेब.

आणि 75 मिनिटं उशीर ही काही कल्पना नाही. बुधवारी पाहुणे येणार कसे? सातपूर-अंबडच्या कंपन्यांतून जनरल शिफ्ट सुटणार, घरी जाऊन तयार होणार, मग हॉलवर. आमच्या यादीत निम्मे असेच. साडेआठशिवाय हॉल भरणार नाही. पंगत पावणेअकरापर्यंत, मग आवराआवर, भांडी, फुलं, आहेराच्या पिशव्या. सव्वाअकरा धरा. आणि लक्षात घ्या, हॉलवाल्याचं घड्याळ शेवटचा पाहुणा गेल्यावर थांबत नाही, शेवटचं सामान बाहेर पडल्यावर थांबतं. 16,000 वर जीएसटी धरून 18,880. बुधवारचं बिल 70,800 वरून 89,680 वर. साडेएकोणतीस हजारांची बचत साडेदहावर आली, आणि त्यासाठी पाहुण्यांनी ऑफिसातून धावत यायचं!

दुसऱ्या टोकाला तोच प्रश्न. डेकोरेटरला स्टेजवर ताज्या फुलांचं काम करायला तीन तास हवे होते. ताबा 4 वाजता, म्हणजे स्टेज 7 ला तयार, आणि आमचा विधी साडेसहाचा. लवकर आत यायचं तर तोही जादा तास. बाहेरच्या डेकोरेटरची रॉयल्टी भरली म्हणजे त्याला लवकर प्रवेश मिळतो असं अनेकांना वाटतं. तसं नसतं, रॉयल्टी फक्त बाहेरचा माणूस आणण्याची परवानगी.

मग केलं काय? मी काकांना विचारलं, "काका, त्या दिवशी सकाळी आणि दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे कार्य आहे का?" त्यांनी पंचांग चाळलं. दोन्ही दिवस मोकळे. ओव्हरटाइमचा दर जास्त का असतो, तर दुसऱ्या दिवशी पहाटे पुढचं वऱ्हाड येणार असतं, सफाईची माणसं रात्रभर लावावी लागतात. ती घाईच नसेल तर त्यांचा खर्च वॉचमन आणि विजेपुरता उरतो. म्हणून सहा तासच ठेवून वेळ सरकवून मागितली: 5 ते 11. काकांनी मान्य केलं, आणि मी ते बुकिंगच्या पावतीवरच लिहून घेतलं, कारण त्या रात्री काउंटरवर दुसराच माणूस असतो. विधी 7 वाजता ठेवला. डेकोरेटरला ताज्या फुलांऐवजी आधीच बांधलेली फ्रेम आणायला सांगितली, ती दीड तासात उभी राहते. सव्वाअकराला हॉल रिकामा, सवलतीच्या आतच. ओव्हरटाइम शून्य, बिल 70,800.

हे बंद हॉलमध्ये जमलं. लॉन्स असतं तर नसतं. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर स्पीकर बंद. बंद हॉलला आतल्या आतपुरती मुभा आहे. म्हणजे लॉन्सवर 11 पर्यंतची वेळ घेतली तर शेवटचा तास बिनागाण्याचा, भाडं मात्र पूर्ण.

राहता राहिली स्वच्छता. ते 5,000 झाडलोट, फरशी आणि टॉयलेटचे. खरकटं उचलणं त्यात नव्हतं, ते केटररकडे. हे दोघांना समोरासमोर विचारा, नाहीतर रात्री अकराला बादल्या कोणाच्या यावर वाद होतो. डाग वेगळे, ते 20,000 च्या डिपॉझिटमधून कापतात. हळद खुर्चीच्या कव्हरवर, रांगोळीचा रंग कार्पेटवर, भिंतीवर सेलोटेपने उडालेला रंग. डिपॉझिट परत मिळायचं असतं, त्यामुळे त्यावर जीएसटी लावू देऊ नका. आणि 5 वाजता ताबा घेताना फोनवर हॉलचा एक सलग व्हिडिओ काढा, कार्पेटसकट. आमच्या वेळी आधीचाच एक तेलाचा डाग निघाला. व्हिडिओ दाखवला, काका हसले, 20,000 दुसऱ्या दिवशी परत आले.