मुलांचं मेणखडूचं चित्र + फोटो = गोष्टीतलं पात्र! पण चित्र 'दुरुस्त' होऊ नये म्हणून काय कराल?

बिबट्या नाशिककरांना नवा नाही. माझ्या सहा वर्षांच्या भाचीने मेणखडूने काढलेला बिबट्या मात्र नवा होता. तो जांभळा, तीन पायांचा, एक कान मोठा आणि एक लहान, आणि शेपटीत द्राक्षांचा घड धरलेला असा होता. "हा बिबट्या म्हणजे मीच," असं तिचं म्हणणं. म्हणून चित्र आणि तिचा फोटो एआय अ‍ॅपमध्ये टाकला आणि लिहिलं, "दोन्ही एकत्र कर." समोर आला एक गुळगुळीत, पिवळा, चार पायांचा बिबट्या आणि त्याच्या शेजारी बसलेली एक मुलगी. भाचीने एकदा बघितलं आणि म्हणाली, "हा माझा नाहीये."

असं का झालं? चित्रं बनवणारं मॉडेल असंख्य तयार चित्रांवरून शिकलेलं असतं. त्यातले बहुतेक बिबटे पिवळे आणि चार पायांचे असतात. त्यामुळे तीन पाय ही मॉडेलच्या दृष्टीने चूक ठरते आणि ते ती गुपचूप सुधारून टाकतं. शिवाय कोणत्या फोटोतून काय घ्यायचं हे मी सांगितलंच नव्हतं. मग त्याने सोपा मार्ग काढला आणि दोघांना शेजारी बसवलं.

आधी चित्राचा फोटो नीट काढा

मेणखडू चमकतो, म्हणून फ्लॅश बंद ठेवा. दिवसा खिडकीजवळ कागद सपाट ठेवून फोन बरोबर वर धरा. कागद स्कॅन करणारं अ‍ॅप वापरत असाल तर कागद पांढरा करणारा फिल्टर काढून टाका, कारण त्यात फिकट पिवळ्या रेघा पुसल्या जातात. मुलाचा फोटो समोरून, चेहऱ्यावर सावली नसलेला हवा.

मग कामाची वाटणी करा

एकापेक्षा जास्त फोटो घेणाऱ्या कोणत्याही अ‍ॅपमध्ये (जेमिनी, चॅटजीपीटी वगैरे) मराठीत लिहिलं तरी चालतं. मुलाला आधी विचारा, की चित्रातलं काय बदलायचं नाही? भाचीच्या उत्तरांवरून झालेला मजकूर असा:

```
पहिला फोटो: मुलीने काढलेलं चित्र.
दुसरा फोटो: ती मुलगी.
गोष्टीच्या पुस्तकातलं एकच पात्र बनव.
चित्रातून घे: जांभळा रंग, तीनच पाय,
एक कान मोठा व एक लहान,
शेपटीत द्राक्षांचा घड, मेणखडूच्या जाड रेघा.
फोटोतून घे: फक्त डोळे, हसू आणि दोन वेण्या.
चित्रातल्या चुका सुधारू नकोस.
मुलगी वेगळी दाखवू नकोस. मागे पांढरा कागद.
```

फोटोतून दोन-तीनच गोष्टी घ्या. संपूर्ण चेहरा घ्यायला सांगितलात तर बिबट्याच्या धडावर खरा चेहरा चिकटवल्यासारखं दिसतं आणि मुलं घाबरतात. पात्र माणसाचं असेल तर 'त्वचेचा रंग फोटोत आहे तसाच ठेव' हेही लिहा, कारण कधी कधी तो उजळ होऊन येतो.

तपासायचं कसं?

'छान दिसतंय' एवढ्यावर थांबू नका. मूळ कागद शेजारी ठेवा आणि मोजा: पाय किती, कोणता कान मोठा, रेघा खडूच्याच आहेत का? आमच्या दुसऱ्या चित्रात बाकी सगळं जमलं, पण पाय पुन्हा चार झाले. तेव्हा एवढंच लिहिलं, "डावीकडचा मागचा पाय काढ, बाकी काही बदलू नकोस." एका वेळी एकच दुरुस्ती सांगा. चार-पाच दुरुस्त्यांनंतर चित्र मूळ कागदापासून दूर जायला लागलं, तर तिथेच ओढत बसू नका. नवीन चॅट उघडून दोन्ही मूळ फोटोंपासून पुन्हा सुरुवात करा.

पात्र पसंत पडलं की ते चित्र सेव्ह करा. गोष्टीच्या प्रत्येक पानासाठी हेच चित्र जोडा, आधीचं पान नको. नाहीतर प्रत्येक पानावर थोडा थोडा फरक साचत जातो आणि शेवटच्या पानावर भलताच बिबट्या निघतो.

फोटो टाकण्याआधी

शाळेचा गणवेश, ओळखपत्र, घराची पाटी दिसत असेल तर फोटो कापून घ्या. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन चालू असेल तर फोटोच्या फाइलमध्ये ठिकाणही साठतं. फोटोचा स्क्रीनशॉट काढून तो वापरलात तर ही माहिती सोबत जात नाही. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये तुमचा मजकूर मॉडेल सुधारण्यासाठी वापरण्याचा पर्याय असेल तर तो आधी बंद करा. दुसऱ्याच्या मुलाचा फोटो असेल तर आधी त्याच्या आईवडिलांना विचारा.

आणि एवढं करूनही चेहरा द्यायचा नसेल, तर फोटोऐवजी शब्द वापरा: "दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला, मोठं हसू." पात्र मुलासारखं वाटायला बऱ्याचदा एवढंही पुरतं. आमच्या बिबट्याचा पुढचा दात असाच पडला. फोटोत भाची तोंड मिटून हसली होती, म्हणून तो नंतर तिनेच सांगून पाडला!