न मिटलेली पापणी

अँडी वॉरहॉलने १९६४ ते १९६६ या काळात न्यूयॉर्कमधल्या आपल्या स्टुडिओत शेकडो ‘स्क्रीन टेस्ट’ चित्रित केल्या. तिकाटण्यावर घट्ट बसवलेला १६ मिमीचा कॅमेरा, समोर एक माणूस. सुरुवातीच्या अनेकांना सूचना एवढीच, की हलू नका, जमल्यास पापणीही लववू नका. शंभर फुटांचे रीळ संपले की चित्रण संपले.

खरी करामत पुढे आहे. सेकंदाला २४ चौकटींनी टिपलेले हे रीळ दाखवताना १६ चौकटींनीच चालवले जाई. त्यामुळे पावणेतीन मिनिटांचे चित्रण चार मिनिटांहून लांबते, आणि पापणीची उघडझाप दीडपट संथ होते. एरवी नजरेतून निसटणारा आवंढा, श्वासाबरोबर किंचित उचलला जाणारा खांदा आपल्याला दिसू लागतो. कॅमेरा जरा जरी थरथरला असता, तर ही हालचाल त्यात हरवली असती. चौकट अचल असते म्हणूनच श्वास मोजता येतो.

अ‍ॅन ब्युकॅननची टेस्ट मला यांत सर्वश्रेष्ठ वाटते. ती एकटक पाहत राहते. पापणी लवत नाही म्हणून डोळे भरून येतात आणि अश्रू गालावरून ओघळतात. चेहऱ्यावर दुःखाची एक रेषाही नसते.