खाज आली की मूळव्याधच?

त्वचारोगतज्ज्ञांच्या ओळखीचा एक रुग्ण असतो. चाळिशीतला, दिवसभर खुर्चीवर बसून काम करणारा. शौचाच्या जागी चार महिने खाज, अंथरुणावर पडलं की जास्तच. मूळव्याध समजून त्याने आधी मूळव्याधीचं मलम लावलं. मग अस्वच्छता असेल म्हणून दिवसातून तीनदा साबणाने घासून धुवायला सुरुवात केली. शेवटी मेडिकलमधून नायट्याची ट्यूब आणली. चार दिवस आराम, पुन्हा खाज. तपासणीत मूळव्याधीचा पत्ता नाही. आहे ती फक्त लालसर, चिरा पडलेली कातडी.

इथे बहुतेकदा स्वच्छतेचा अतिरेकच नडतो. साबणाने त्वचेवरचं नैसर्गिक तेल निघून जातं, घासल्याने बारीक जखमा होतात. त्यात घाम किंवा नकळत पाझरलेला थोडासा मल लागला की जळजळतं, माणूस खाजवतो, कातडी जाड होते आणि आणखी खाजते. पाकिटातल्या ओल्या, सुगंधी वाइप्सचीही अनेकांना ॲलर्जी असते.

त्या ट्यूबचं प्रकरण वेगळं. दुकानात सहज मिळणाऱ्या अशा अनेक मलमांत बुरशीच्या औषधाबरोबर तीव्र स्टेरॉइडही असतं. त्याने खाज लगेच थांबते, पण नायटा आतून पसरत राहतो आणि त्याचं रूपही बदलतं. महिनोन्‌महिने लावलं तर या नाजूक जागची कातडी कागदासारखी पातळ होते.

घरात लहान मूल असेल आणि खाज नेमकी रात्री येत असेल, तर जंतांची शंका घ्यावी. सुताच्या तुकड्यासारखी पांढरी मादी रात्री बाहेर येऊन गुदद्वाराभोवती अंडी घालते. मूल झोपल्यावर दोन-तीन तासांनी टॉर्च लावून पाहिलं तर ती दिसूही शकते. एकट्या मुलाला औषध देऊन भागत नाही. डॉक्टर सहसा घरातल्या सगळ्यांना देतात आणि दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा. नखं कापणं आणि चादरी गरम पाण्यात धुणंही आलंच. मोठ्यांमध्ये मधुमेहामुळे होणारा बुरशीचा संसर्ग आणि सोरायसिस हीसुद्धा कारणं असतात.

आपल्या बँकवाल्याला डॉक्टरांनी आधी साबण आणि ट्यूब दोन्ही बंद करायला सांगितलं. शौचानंतर फक्त साधं पाणी, मग मऊ कापडाने टिपून कोरडं करणं, घासणं नाही. त्यावर झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ थर. आतले कपडे सुती आणि सैल. काही दिवस कॉफी व तिखट कमी करून फरक पडतो का, हेही पाहायचं. सौम्य स्टेरॉइड लागलंच तर डॉक्टरांच्या सांगण्याने, मोजके दिवस. रात्रीची खाज ओसरायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर ट्यूबकडे हात वळतोच.

एवढं करूनही फरक नसेल, रक्त पडत असेल, गाठ लागत असेल, शौचाची सवय बदलली असेल किंवा एखादा पांढुरका चट्टा वा जखम बरी होत नसेल, तर डॉक्टरांनी जागा प्रत्यक्ष पाहायलाच हवी. लाजेपोटी फोनवर लक्षणं सांगून औषध मागितलं, तर हा चट्टा नेमका सुटून जातो. तो कशाचा आहे हे ठरवायला कधीकधी कातडीचा छोटा तुकडा काढून तपासावा लागतो.