तेवीसपैकी नऊ

संशोधन गटाच्या साप्ताहिक बैठकीची टिपणे कुणी सुंदर अक्षरात लिहीत नाही. अर्धवट वाक्ये, बाण, ‘सर म्हणाले परत करून बघ’, कोपऱ्यात आर्गॉनच्या सिलिंडरचा उरलेला दाब. वर्ष सरते, अनुदान देणाऱ्या संस्थेला वार्षिक प्रगती अहवाल द्यायची तारीख जवळ येते आणि या पन्नासेक बैठकांचे दोन-चार पानांत रूपांतर करायचे काम बहुधा गटातल्या एखाद्या जेआरएफच्या गळ्यात पडते. वही आठवड्यांच्या क्रमाने चालते, अहवालाचा नमुना उद्दिष्टांच्या क्रमाने. उद्दिष्ट एक, केलेले काम. उद्दिष्ट दोन, केलेले काम. अपयश या भाषांतरात गळते अशी तक्रार नेहमी होते, पण माझ्या मते त्याहून मोलाची गोष्ट गळते, ती म्हणजे निर्णयाची तारीख. एखादा आकडा का धरला, दुसरा का सोडला आणि हे नेमके कधी ठरले, हे वहीत असते आणि अहवालात नसते. अहवालातला आकडा विश्वासाचा आहे की नाही, हे मात्र बरेचसे त्याच तारखेवर ठरते.

नमुन्यादाखल एक गट घेऊ. तीन वर्षांचा प्रकल्प आहे: उसाच्या चिपाडापासून सोडियम-आयन बॅटरीच्या ऋणाग्रासाठी हार्ड कार्बन तयार करणे. चिपाड धुवायचे, वाळवायचे, दळायचे, साधारण ५०० अंशांवर एकदा भाजायचे, आम्लाने धुऊन राख काढायची आणि मग आर्गॉनच्या प्रवाहात नळीच्या भट्टीत हजार अंशांच्या वर तापवायचे. तयार भुकटीत बाइंडर मिसळून तिचा लेप धातूच्या पातळ पत्र्यावर द्यायचा, त्याच्या चकत्या कापायच्या आणि ग्लव्हबॉक्समध्ये नाण्याएवढे सेल बांधायचे. सोडियमला पाणी आणि ऑक्सिजन अजिबात चालत नाहीत, म्हणून ग्लव्हबॉक्समधले दोघांचे प्रमाण दशलक्षात एका भागाच्या खाली ठेवतात. मंजूर उद्दिष्टे तीन: पदार्थ तयार करणे, १३०० अंशांपर्यंतच्या तापमानाचा त्याच्यावरचा परिणाम तपासणे आणि सेलची क्षमता मोजणे.

आता वहीतला एकोणिसावा आठवडा पाहू. एक ओळ अशी: ‘२३ सेल लावले, ९ चालले.’ खाली तिरक्या अक्षरात: ‘६ शॉर्ट. ८ मध्ये व्होल्टेज नाचतोय.’ वर्षाअखेर याच ओळीचे अहवालातले वाक्य होते: ‘चिपाडापासूनच्या हार्ड कार्बनची विद्युत-रासायनिक चाचणी यशस्वीरीत्या पूर्ण केली, सरासरी क्षमता अमुक.’ ती सरासरी नऊ सेलची. वाक्यातला एकही शब्द खोटा नाही, तरी वाचणाऱ्याला जे कळायला हवे ते कळत नाही. तेवीसपैकी नऊ. हा आकडा लपवणे गैर आहे, असे सरसकट म्हणून मात्र चालणार नाही, कारण उरलेले चौदा सेल एका जातीचे नाहीत. जे सहा शॉर्ट झाले, त्यांचा कार्बनशी काहीच संबंध नाही. वहीत पुढच्याच आठवड्यात कारण आहे: चकत्या कापायचा पंच बोथट झाला होता, त्यामुळे पत्र्याच्या कडेला बारीक बुरी राहत होती आणि ती मधला विभाजक भेदून पलीकडे टेकत होती. पंच बदलल्यावर शॉर्ट होणे थांबले. हे सहा सरासरीतून वगळणे रास्तच आहे. खरा प्रश्न व्होल्टेज नाचणाऱ्या आठांचा.

व्होल्टेज नाचण्याची दोन कारणे संभवतात आणि अहवालाच्या दृष्टीने त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सेल बांधताना चकत्या निर्वात भट्टीत रात्रभर न वाळवता घाईने आत घेतल्या असतील, तर दोष बांधणीचा. पण चिपाडापासून केलेल्या कार्बनला उघडी छिद्रे जास्त असतील आणि ती हवेतला ओलावा भराभर शोषत असतील, तर दोष पदार्थाचाच. मग ते आठ सेल वगळणे म्हणजे प्रकल्पाला मिळालेले उत्तरच वगळणे. कोणते कारण खरे, हे ठरवायचा मार्ग सोपा आहे. त्याच बॅचची भुकटी घ्यायची, चकत्या नीट वाळवायच्या, नवे सेल बांधायचे. ते चालले तर बांधणी चुकली होती. नेहमीची वाळवणी करूनही नाचले, तर संशय पदार्थावर. नमुन्याच्या वहीत बाविसाव्या आठवड्यात हेच केलेले दिसते, नवे सेल चालतात आणि सर लिहायला सांगतात, ‘जुने आठ धरू नका, वाळवणी कमी पडली.’ क्रम पाहा: आधी कारण तपासले, मग वगळले. आठ सेल आधी वगळून नऊचीच सरासरी काढली असती आणि कारण मागाहून शोधले असते, तरी अहवालात तेच वाक्य, तोच आकडा आला असता. नुसता अहवाल वाचून हा फरक ओळखता येत नाही. वहीतल्या दोन तारखा शेजारी ठेवल्या की लगेच ओळखता येतो.

म्हणून अहवालाच्या वाक्यात तीन गोष्टी राहाव्यात असा माझा आग्रह आहे: किती केले, किती धरले, का सोडले. ‘२३ सेलपैकी ६ यांत्रिक दोषाने शॉर्ट झाले, ८ अपुऱ्या वाळवणीमुळे वगळले, त्याच बॅचच्या फेरबांधणीने याची खात्री केली.’ एवढ्या वाक्याने पान वाढत नाही. उलट ‘अनुकूलित केले’, ‘यशस्वीरीत्या’, ‘प्रगतिपथावर’ या तीन शब्दांची हकालपट्टी केली तर जागा उरतेच. ‘तापमान अनुकूलित केले’ म्हणजे काय? तीन तापमाने तपासून एक निवडले, की एकच तपासले आणि भट्टी त्यापुढे जात नव्हती?

हा शेवटचा प्रश्न उगाच टोमणा म्हणून विचारलेला नाही. नमुन्याच्या गटाची जुनी नळीची भट्टी कँथल तारेची आहे आणि अशा भट्ट्या साधारण १२०० अंशांपर्यंतच चालवतात. १३००साठी सिलिकॉन कार्बाइडच्या कांड्यांची भट्टी लागते. ती प्रकल्पात मंजूर आहे, पण खरेदी जेम पोर्टलवरून, निविदा एकदा रद्द, दुसऱ्यांदा एकच बोली. वहीत हे सगळे तुकड्यातुकड्यांनी आहे: सहाव्या आठवड्यात ‘स्पेसिफिकेशन पाठवले’, चौदाव्यात ‘निविदा परत’, एकतिसाव्यात ‘भट्टी आली, वीजजोडणी बाकी’. वार्षिक अहवालात उद्दिष्ट दोनच्या पुढे मात्र ‘११०० अंशांवरील काम पूर्ण, पुढील काम प्रगतिपथावर’. त्याच सुमारास लेखाविभाग यूसी तयार करतो, म्हणजे जीएफआर २०१७च्या नमुना १२-अ मधले उपयोगिता प्रमाणपत्र, आणि त्यात उपकरणांच्या शीर्षाखालची बरीच रक्कम शिल्लक दिसते. शास्त्राचा कागद एका टेबलावर, पैशांचा दुसऱ्या. यूसी आर्थिक वर्षाचे, एप्रिल ते मार्च. प्रकल्पाचे वर्ष मंजुरीच्या तारखेपासून. दोन्ही कागद शेजारी ठेवणाऱ्याला वाटते की गटाने काम केले नाही आणि पैसेही वापरले नाहीत. मधला दुवा फक्त वहीत आहे.

यावर पहिला आक्षेप वाजवी आहे. बैठक ही घरातली गोष्ट. तिथले बोलणे संस्थेकडे जाणार म्हटल्यावर विद्यार्थी ‘माझ्याकडून बॅच करपली’ असे कशाला सांगतील? मान्य, आणि म्हणूनच वही पाठवायची नसते. पाठवायचा तो निष्कर्ष, आणि तो काढताना साधा नियम पुरतो: चुकीच्या ओळीतून नाव काढायचे, कारण ठेवायचे, कामाच्या ओळीत नाव ठेवायचे. अहवालाला ‘पंच बोथट होता’ एवढेच हवे असते. पंच कोणाच्या हातात होता, याच्याशी त्याला देणेघेणे नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा: हे वाचतो कोण? अहवाल पोर्टलवर चढतो, पुढचा हप्ता सुटतो, संपले. बऱ्याच अंशी खरे असेल. पण आढावा समितीपुढे सादरीकरण होते तेव्हा विषयातला एखादा तज्ज्ञ ‘अकराशेच का?’ एवढेच विचारतो, आणि तेव्हा ‘प्रगतिपथावर’ कामाला येत नाही. शिवाय अंतिम अहवालाच्या आपल्याकडच्या प्रचलित नमुन्यात मूळ उद्दिष्टांपासून फारकत झाली असल्यास ती आणि तिची कारणे लिहायचा रकाना असतो. अमेरिकेच्या एनएसएफच्या वार्षिक अहवालात तर बदल आणि अडचणी यांसाठी वेगळा भागच आहे. म्हणजे संस्थांनी जागा दिलेली आहे. आपण तिथे ‘नाही’ लिहून मोकळे होतो, कारण तीन वर्षांनी ती कारणे आठवत नाहीत आणि ज्याला आठवली असती तो विद्यार्थी पोस्टडॉकला निघून गेलेला असतो.

खरे लिहिले तर पुढचे अनुदान अडेल, ही भीती मी पूर्णपणे खोडून काढणार नाही. दोन गटांत चुरस असेल आणि एकाचा अहवाल गुळगुळीत, दुसऱ्याचा खडबडीत असेल, तर गुळगुळीत अहवाल जिंकण्याचा संभव आहे. पण तेवीसपैकी नऊ हे लपवलेले आकडे पुढच्या वर्षी स्वतःहून बाहेर येतात. नवा विद्यार्थी अहवालातली सरासरी प्रमाण मानून सेल बांधतो, त्याचे निम्मे चालत नाहीत, आणि बोथट पंचाचा किंवा वाळवणीचा शोध तो पुन्हा पहिल्यापासून लावतो. तो वेळ अनुदानातूनच जातो.

बाकी हे काम वाटते तितके अवघड नाही, फक्त ते वर्षाअखेरीवर ढकलायचे नसते. बैठक संपली की त्याच दिवशी प्रत्येक ओळीपुढे खूण करायची: निकाल, निर्णय की राहिलेले. निर्णयापुढे उद्दिष्टाचा क्रमांक आणि ज्या फाइलवरून तो घेतला तिचे नाव. बैठक झाली नाही त्या आठवड्याचीही ओळ ठेवायची, ‘परीक्षा’, ‘दिवाळी’, ‘फेलोशिप न आल्याने काम बंद’ अशी. नाहीतर वर्षाअखेर तो रिकामा आठवडा कामाचा धरला जातो. तिमाहीला फक्त निर्णयाच्या ओळी उद्दिष्टांप्रमाणे उचलून एका कागदावर मांडायच्या, आणि तो कागद एकदा लेखाविभागातल्या माणसाला दाखवायचा. असे केले तर अहवालाच्या आठवड्यात जेआरएफला ‘मागच्या वर्षीचा काढ आणि तारखा बदल’ असे ऐकावे लागत नाही. हे वाक्य बोलणाऱ्या मार्गदर्शकाचा हेतू वाईट नसतो. त्याच आठवड्यात त्याच्याकडे दोन प्रबंध आणि एक परीक्षा असते. पण जुना अहवाल काढून तारखा बदलल्या की एकोणिसाव्या आणि बाविसाव्या आठवड्यांतले अंतर कायमचे पुसले जाते. आणि ज्या मुलीने रात्री थांबून आठ सेल फिरून बांधले आणि ते वगळायचे की नाही याचे उत्तर मिळवले, तिचे नाव मनुष्यबळाच्या तक्त्यात रुजू झाल्याच्या तारखेपुढे तेवढे उरते.