नवं सिम घातलं, ओटीपी गायब

समजा, साताऱ्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेचं जुनं सिम खराब झालं. दुपारी बारा वाजता दुकानातून त्याच नंबरचं नवं सिम आणलं, तासाभरात ते सुरूही झालं. मुलीशी बोलणं झालं, इंटरनेटही चालू. संध्याकाळी विजेचं बिल भरायला बसल्या, तर बँकेचा ओटीपी येईना. ‘पुन्हा पाठवा’ चार वेळा दाबलं. मग खातंच काही वेळापुरतं बंद झालं.

यात बिघाड कुठेच नव्हता. सिम बदललं की त्या नंबरवर एसएमएसची ये-जा पहिले २४ तास बंद ठेवायची, असा दूरसंचार विभागाचा नियम आहे. कारणही तसंच आहे. भामटे खोट्या कागदपत्रांवर दुसऱ्याच्या नंबरचं सिम काढतात आणि येणाऱ्या ओटीपीच्या जोरावर खातं रिकामं करतात. या चोवीस तासांत खऱ्या मालकाला आपला फोन मुका झाल्याचं कळावं, एवढी सवड त्याला मिळते. नव्या सिमवर यूपीआय ॲप सुरू होत नाही तेही यामुळेच, कारण ते ॲप नंबर पडताळण्यासाठी तुमच्याच फोनवरून एक एसएमएस पाठवतं.

म्हणून आधी लक्षण पाहावं. सिम आपणच बदललंय, कॉल लागतायत आणि फक्त एसएमएस अडलेत, तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत थांबावं आणि बटण दाबत बसू नये. बहुतेक ठिकाणी नवा ओटीपी निघाला की आधीचा बाद होतो. पण सिम बदललेलं नसताना रेंज अचानक गेली आणि फोन बंद-चालू करूनही आली नाही, तर प्रकरण गंभीर असू शकतं. दुसऱ्या फोनवरून लगेच मोबाइल कंपनीला विचारावं आणि बँकेला खातं गोठवायला सांगावं. पैसे गेले असतील तर १९३० वर तक्रार करावी.

अशा वेळी घाईने इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’चा नंबर शोधणं सगळ्यात धोक्याचं. तिथे ठगांनी पेरलेले नंबरही असतात. बँकेचा नंबर डेबिट कार्डाच्या मागे छापलेला असतो, तोच लावावा.

नंबरच बदलला असेल, तर थांबून उपयोग नाही. ओटीपी जुन्या नंबरवरच जात राहतो, आणि बंद झालेला नंबर कंपनी किमान ९० दिवसांनी दुसऱ्या कुणालाही देऊ शकते. जुनं सिम चालू आहे तोवरच बँक, आधार आणि ईमेलला नवा नंबर जोडून घ्यावा. ते हातचं गेलं असेल, तर पासबुक आणि ओळखपत्र घेऊन बँकेच्या शाखेत जावं. आधारसाठी केंद्रावर बोटांचे ठसे देऊन नंबर बदलता येतो, जुन्या नंबरचा ओटीपी लागत नाही.

गूगल खात्याला ओटीपीशिवायची वाटही आहे. टू-स्टेप पडताळणी चालू असेल, तर सेटिंगमध्ये आठ अंकी दहा बॅकअप कोड मिळतात; प्रत्येक कोड एकदाच चालतो. सिम बदलायला दुकानात जाण्याआधी ते कागदावर उतरवून घरातल्या कपाटात ठेवा.